साठा वहीवरचं मूल्यांकन तपासणं : फिफो आणि भारित सरासरी

साठा वहीत (बेळगाव भागात बहुतेक जण स्टॉक रजिस्टर किंवा स्टॉक लेजरच म्हणतात) महिन्याअखेर किंवा ३१ मार्चला जो माल शिल्लक दिसतो, त्याला लावलेली किंमत बरोबर आहे का हे उलटं काढून बघणं म्हणजे ही पडताळणी. नग किंवा वजन मोजणं हा वेगळा विषय, तो इथे घेतलेला नाही. वजन जुळलंय असं धरायचं आणि मग त्या वजनाला दर कुठला लागला, तो कसा आला, एवढंच बघायचं. एकाच मालाच्या खरेद्या वेगवेगळ्या दरानं झालेल्या असतात म्हणून हा प्रश्न येतो. त्यावर दोन रीती चालतात, आधी आलेल्या लॉटचा खर्च आधी बाहेर काढणं म्हणजे फिफो, आणि सगळ्या लॉटचा वजनाच्या हिशोबानं एक दर काढणं म्हणजे भारित सरासरी.

जुन्या पुस्तकांत तिसरी रीत पण सापडते, लिफो, म्हणजे शेवटी आलेल्याचा खर्च आधी. भारतात लेखा मानक २ हे १९८१ साली आलं तेव्हा लिफोला जागा होती, १९९९ च्या सुधारित मानकात ती काढून टाकली. आंतरराष्ट्रीय मानकातनं लिफो २००३ च्या सुधारणेत गेली. आयकरासाठीचं आयसीडीएस २ सुद्धा सामान्य, एकमेकांच्या जागी चालणाऱ्या मालासाठी फिफो आणि भारित सरासरी एवढंच मानतं. त्यामुळे एखाद्या जुन्या दुकानाच्या वहीत लिफोचे दर दिसले तर ते त्या काळाला धरून असू शकतात, लगेच चूक म्हणू नये.

फिफोबद्दल एक गैरसमज इथल्या फाउंड्र्यांमध्ये हमखास ऐकायला मिळतो. उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीत पिग आयर्नचा, म्हणजे ओतकामाच्या कच्च्या लोखंडाचा, ढीग यार्डात असतो, नवीन गाडी आली की माल जुन्या ढिगावरच ओततात, आणि भट्टीसाठी उचलताना वरचा म्हणजे नवाच माल आधी जातो. मग स्टोअरवाला विचारतो, "सायेब, खालचा माल तर हललाच नाही, मग जुना दर कसा लावता?" पण फिफो हे खर्चाबद्दलचं गृहीतक आहे, फावडं कुठे लागलं याची नोंद नाही. पिग आयर्नचा एक ग्रेड असेल तर जुना तुकडा आणि नवा तुकडा यात फरक नाही, म्हणून कुठला आधी उचलला यावर दर अवलंबून ठेवत नाहीत.

आता एक छोटं लेजर घेऊ, आकडे समजायला सोपे जावेत म्हणून बनवलेले आहेत. १ एप्रिलला सुरुवातीची शिल्लक १० टन, दर ४०,००० रुपये टन. ६ एप्रिलला २० टन खरेदी, दर ४३,०००. १२ तारखेला भट्टीला इश्यू २० टन. २० तारखेला परत १० टन खरेदी, दर ४६,०००. २७ तारखेला इश्यू १२ टन. महिन्याअखेर शिल्लक ८ टन, आणि एकूण आलेल्या ४० टनांची किंमत १७,२०,००० रुपये. जीएसटीचं क्रेडिट मिळत असेल तर तो कर यात धरायचा नाही, धरला तर पुढचं सगळं फुगतं.

फिफो तपासायला सगळ्या ओळी फिरायची गरज नाही, हीच त्याची सोय आहे. शेवटच्या बिलापासनं मागे यायचं आणि शिल्लक वजन भरेपर्यंत बिलं घ्यायची. इथे शिल्लक ८ टन, शेवटचं बिलच १० टनांचं, म्हणजे ८ टन × ४६,००० = ३,६८,०००. शिल्लक १५ टन असती तर १० टन ४६,००० नं आणि उरलेले ५ टन त्याआधीच्या बिलाच्या ४३,००० नं. रोजच्या रोज इश्यूला दर लावत गेलात तरी (पहिल्या इश्यूला ८,३०,०००, दुसऱ्याला ५,२२,०००) उत्तर हेच येतं, आणि महिन्याअखेर एकदम काढलं तरी हेच. फिफोचं लेजर या उलट्या मोजणीशी जुळत नसेल तर कुठेतरी तारीख, वजन किंवा दर चुकलाय असं खुशाल धरून चालावं.

सरासरीचं तसं नाही, आणि खरा वाद इथेच आहे. भारित सरासरी म्हणजे नेमकी कुठली? एक पद्धत अशी की महिना (किंवा वर्ष) संपल्यावर एकूण किंमत भागिले एकूण वजन, म्हणजे १७,२०,००० भागिले ४०, दर ४३,०००, शिल्लक ८ टनांची किंमत ३,४४,०००. दुसरी चालती सरासरी, प्रत्येक आवकेला नवीन दर काढायचा. ६ तारखेला ३० टन आणि १२,६०,००० रुपये, दर ४२,०००, १२ तारखेचा इश्यू त्या दरानं ८,४०,०००, उरले १० टन ४,२०,००० चे, २० तारखेची आवक मिळवली की २० टन ८,८०,०००, दर ४४,०००, दुसरा इश्यू ५,२८,००० आणि शिल्लक ३,५२,०००. दोन्ही भारित सरासरीच, पण फरक आठ हजारांचा, तोही एवढ्याशा मालावर. आंतरराष्ट्रीय मानकावर बेतलेलं भारतातलं इंड एएस २ दोन्हीला वाव देतं, ठरावीक मुदतीनं काढा किंवा प्रत्येक आवकेला काढा, परिस्थितीप्रमाणे.

फाउंड्रीसारख्या धंद्यात चालती सरासरी जास्त पटते, कारण कास्टिंगचा खर्च महिना संपायच्या आधीच ग्राहकाला सांगावा लागतो आणि मुदतीची सरासरी तोवर हातातच नसते. शिवाय २७ तारखेला महाग माल आला तर मुदतीच्या सरासरीत त्याचा भार ५ तारखेच्या इश्यूवर पण पडतो, जो माल तेव्हा यार्डात नव्हताच. तपासणाऱ्याला मात्र मुदतीची सरासरी सोपी, एका भागाकारात काम होतं, म्हणून बरेच जण लेजर चालत्या सरासरीचं असताना पडताळणी मुदतीच्या सरासरीनं करतात आणि फरक आला की नोंदींना दोष देतात. सॉफ्टवेअर कुठली सरासरी काढतं हे माहीत नसेल तर वरच्या पाच नोंदी एका रिकाम्या कंपनीत टाकून बघाव्यात, दर ४४,००० आला तर चालती, ४३,००० आला तर मुदतीची. टॅलीत स्टॉक आयटमच्या मास्टरमध्ये `Costing Method` ही ओळ असते, ती आधी बघावी, कारण एकाच कंपनीत एक आयटम फिफोवर आणि दुसरा सरासरीवर असू शकतो.

वरच्या उदाहरणात एक गोष्ट लपते, ती सांगून ठेवायला हवी. तीन दरांची साधी सरासरी काढली (४०,००० + ४३,००० + ४६,००० भागिले ३) तरी ४३,००० च येते, हा वजनांचा योगायोग आहे. शेवटची खरेदी १० ऐवजी २० टन असती तर भारित दर ४३,६०० झाला असता आणि साधा दर ४३,००० वरच राहिला असता. एक्सेलमध्ये साठा ठेवणाऱ्यांकडे ही चूक खूप दिसते, दराच्या कॉलमवर `AVERAGE` लावलेलं असतं. बरोबर सूत्र असं, वजन बी कॉलममध्ये आणि दर सी मध्ये असेल तर:

```
=SUMPRODUCT(B2:B4,C2:C4)/SUM(B2:B4)
```

यात इश्यूच्या ओळी येता कामा नयेत, फक्त सुरुवातीची शिल्लक आणि आवक.

सगळ्यात जास्त घोळ उशिरा आलेल्या बिलानं होतो. होसपेट-बळ्ळारीकडनं गाडी आली, माल चलनावर उतरवून घेतला, बिल आठवड्यानं आलं, आणि खरेदीची नोंद बिल आल्यावर. मधल्या वेळात भट्टी थांबत नाही, इश्यू होतच राहतो, म्हणून लेजर मायनसमध्ये जातं. वरच्याच उदाहरणात लेजर चालत्या सरासरीचं आहे आणि ६ तारखेची खरेदी १५ तारखेला चढवली असं धरा. १२ ला १० टन शिल्लक असताना २० टन इश्यू, शेवटचा माहीत असलेला दर ४०,०००, म्हणून शिल्लक उणे १० टन आणि उणे ४,००,०००. मग २० टन ८,६०,००० चे आले, राहिले १० टन ४,६०,०००, म्हणजे दर ४६,००० रुपये. हातात असलेला माल तर ४३,००० च्या वर कधीच घेतला नव्हता! पुढे २० तारखेला ४६,००० नंच खरेदी झाली, दर तसाच राहिला, शेवटची शिल्लक ३,६८,०००. योगायोगानं हा आकडा फिफोशी तंतोतंत जुळतो, एकूण बेरीज १७,२०,००० पण जुळते, त्यामुळे नुसतं महिन्याअखेरचं पान बघणारा हे लेजर बरोबर म्हणून सही करतो. पकडायची खूण एकच, चालती सरासरी कधीही तोवर आलेल्या लॉटच्या सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त दराच्या बाहेर जाऊ शकत नाही. दराचा कॉलम वरून खाली वाचायचा, १५ तारखेला ४६,००० दिसला की तिथेच थांबायचं, आणि वजनाच्या कॉलममध्ये उणे आकडा शोधायचा. काही सॉफ्टवेअर उशिराची नोंद मूळ तारखेनं टाकली की पुढचे दर आपोआप परत काढतात, काही काढत नाहीत, म्हणून नोंद दुरुस्त केल्यावर दराचा कॉलम परत वाचावाच लागतो.

गाडीभाडं वेगळ्या रीतीनं फसवतं. ६ तारखेच्या गाडीचं २०,००० भाडं समजा खर्च खात्याला पडलं, मालाच्या किमतीत आलंच नाही. माल आणायचं भाडं किमतीचाच भाग असतो. फिफोत काढलेली शिल्लक तरी ३,६८,००० च राहते, कारण तो लॉट पूर्ण संपलाय. मुदतीच्या सरासरीत मात्र बरोबर आकडा ३,४८,००० हवा होता आणि वहीत ३,४४,००० आहे, चालतीत ३,५४,६६७ हवा होता आणि वहीत ३,५२,०००. म्हणजे हीच चूक फिफोत शिल्लकेवर दिसतच नाही, सरासरीत दिसते. भाडं शेवटच्या गाडीचं असतं तर उलट, फिफोतच सगळ्यात जास्त फटका बसला असता. म्हणून फिफोचं लेजर तपासताना शेवटच्या एक-दोन लॉटची बिलं, काटा पावत्या आणि भाड्याच्या पावत्या बारकाईनं बघाव्यात, सरासरीत मात्र वर्षभरातलं कुठलंही बिल निवडून बघावं लागतं.

खर्चाचा आकडा बरोबर निघाला तरी तोच ताळेबंदात जातो असं नाही. खर्च आणि विक्रीतनं निव्वळ मिळणारी किंमत यातली कमी असेल ती धरतात, पण कच्च्या मालाचं कास्टिंग खर्चाएवढं किंवा जास्त किमतीला विकलं जाणार असेल तर पिग आयर्नचा बाजारभाव पडला म्हणून शिल्लक कमी करत नाहीत. रीत बदलायची असेल तर आयसीडीएस २ प्रमाणे वाजवी कारण लागतं, भाव चढे असताना नफा कमी दिसावा म्हणून फिफोवरून सरासरीवर उडी मारणं यात बसत नाही.

निपाणीकडच्या तंबाखूच्या वखारीत ही पडताळणी जशीच्या तशी लावू नये. तिथे प्रत वेगळी, लॉट वेगळा, एका लॉटच्या जागी दुसरा चालत नाही, आणि असा माल असेल तर मानकाप्रमाणे त्या त्या लॉटचा स्वतःचा खर्च धरतात, त्यामुळे तपासायचं ते लॉटचं कार्ड आणि त्याच लॉटचं खरेदी बिल.