पडद्यावर एक वाक्य, हातात दोन पानं

जानेवारी २००३. कोलंबिया हे अंतराळयान पृथ्वीभोवती फिरत होतं आणि जमिनीवर अभियंते एका प्रश्नाशी झुंजत होते. उड्डाणानंतर साधारण ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा एक तुकडा निखळून यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता. त्यानं किती नुकसान केलं असेल? बोइंगच्या अभियंत्यांनी नासापुढे जे सादरीकरण केलं, त्यातली एक स्लाइड पुढे चौकशी मंडळाच्या अहवालात छापली गेली. माहिती-आलेखनाचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी तिचं ओळीओळीनं विश्लेषण केलं आहे.

स्लाइडचं शीर्षक दिलासा देणारं होतं. चाचण्यांची माहिती पाहता यानाला उष्णतेपासून वाचवणाऱ्या कवचाच्या टाइल्स भेदल्या जाण्याबाबतचे आपले अंदाज सुरक्षित बाजूला झुकलेले आहेत, असा त्याचा आशय. खाली मुद्दे, उपमुद्दे आणि त्यांचेही उपमुद्दे. ‘लक्षणीय’ या अर्थाचा शब्द पाच वेळा आलेला आणि प्रत्येक वेळी त्याचं माप वेगळं. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अगदी तळाला, बारीक अक्षरांत होती: आदळलेल्या तुकड्याचं अंदाजे आकारमान १९२० घनइंच, आणि चाचणीत वापरलेल्या तुकड्याचं ३ घनइंच. म्हणजे एकीकडे सुमारे साडेएकतीस लिटर, दुसरीकडे जेमतेम ५० मिलिलिटर. त्या चाचण्यांवरून या आघाताबद्दल काही सांगणं कठीण आहे, हाच खरा निष्कर्ष होता.

१ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान फुटलं. कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर गेले. स्लाइड नीट असती तर ते वाचले असते, असं म्हणणं बरोबर होणार नाही. प्रत्यक्षात भगदाड पडलं ते टाइल्सना नव्हे, पंखाच्या पुढच्या कडेच्या कार्बन-आवरणाला. पण ही स्लाइड वाचणाऱ्या वरिष्ठाला जिवावरचा धोका जाणवलाच नसेल, हे चौकशी मंडळाचं निरीक्षण मला फार गंभीर वाटतं. सगळं सांगायचं म्हणून तळाशी कोंबलेली ओळ सांगितल्यात जमा होत नाही. मग पडद्यावर काय ठेवायचं आणि श्रोत्यांच्या हातात द्यायच्या हँडआउटमध्ये काय?

पडद्यावर मुळात किती मावतं, ते मोजता येतं. पुस्तक आपण डोळ्यांपासून सुमारे ४० सेंटिमीटरवर धरतो आणि त्यातलं अक्षर साधारण १.७ मिलिमीटर उंच असतं. पडद्यापासून नऊ मीटरवर बसलेल्या माणसाला तेवढ्याच सहजतेनं वाचता यायला हवं असेल, तर अंतर साडेबावीस पट झालं म्हणून अक्षरही साडेबावीस पट हवं, म्हणजे सुमारे ३८ मिलिमीटर. पडदा दीड मीटर उंच असेल, तर अशी ३९ अक्षरं एकावर एक मावतील. वरच्या-खालच्या मात्रा आणि ओळींमधली मोकळी जागा धरली की एका ओळीला अक्षराच्या तिप्पट उंची लागते. उरल्या तेरा ओळी. शीर्षक आणि समास वगळले तर आठ-नऊ. कागदाच्या एका साध्या पानावर चाळीसहून जास्त ओळी बसतात, शिवाय पान उलटून मागे जाता येतं.

दुसरी मर्यादा मेंदूची. वाचताना आपण शब्द मनातल्या मनात उच्चारत असतो, आणि बोलणारा जे सांगतो तेही शब्दच असतात. दोन्ही एकाच वाटेनं आत येऊ पाहतात. म्हणून स्लाइडवर परिच्छेद असला आणि वक्ता भलतंच बोलत असला, की श्रोता दोन्हींतलं थोडं थोडं गमावतो. वक्ता तोच परिच्छेद वाचून दाखवत असला तरी फायदा होत नाही, कारण वाचणारा पुढे पोचलेला असतो आणि आवाज मागे. चित्र आणि बोलणं मात्र एकमेकांच्या आड कमी येतात.

आता तीच स्लाइड फोडून पाहू. पडद्यावर एकच वाक्य राहील: “हा तुकडा आपल्या चाचण्यांतल्या तुकड्यापेक्षा ६४० पट मोठा आहे, त्या चाचण्यांवरून नुकसानीचा अंदाज बांधता येणार नाही.” खाली प्रमाणात काढलेले दोन ठोकळे. इथे एक खाच आहे. आकारमान ६४० पट असलं तरी ठोकळ्याची बाजू फक्त ८.६ पट होते, आणि डोळा बाजूच मोजतो. म्हणून चित्राशेजारी ६४० हा आकडा ठळक लिहायलाच हवा. कोपऱ्यात छोटीशी खूण: ‘हँडआउट, भाग २’.

बाकी सगळं हँडआउटमध्ये, पूर्ण वाक्यांत. भाग १ मध्ये प्रश्न आणि उत्तर, तीन-चार वाक्यांत. भाग २ मध्ये तक्ता: प्रत्येक चाचणीतल्या तुकड्याचं आकारमान, वेग, आदळण्याचा कोन, टाइलचं वरचं आवरण भेदलं गेलं की नाही, आणि शेवटच्या ओळीत या उड्डाणाचे आकडे त्याच एककांत. ‘लक्षणीय’ जिथे जिथे होतं तिथे माप येईल. माप नसेल तर ‘मोजलेलं नाही’ असं लिहायचं. भाग ३ मध्ये नुकसान वर्तवणारं ‘क्रेटर’ हे गणिती प्रारूप. छोट्या तुकड्यांसाठी ते प्रत्यक्षापेक्षा जास्त नुकसान दाखवत होतं, हे खरं. पण हा दिलासा चाचणीच्या कक्षेबाहेर लागू का होत नाही, त्याचं कारण तिथेच, त्याच परिच्छेदात. स्लाइडवर ही दोन विधानं वेगवेगळ्या मुद्द्यांत विभागली गेली होती. ‘पण’ आणि ‘म्हणून’ लिहायला जागाच नव्हती, आणि युक्तिवाद तर या दोन शब्दांवर उभा असतो.

म्हणूनच स्लाइड्स छापून, एका पानावर सहा-सहा बसवून वाटणं म्हणजे हँडआउट नव्हे. त्यात तुटक मुद्देच असतात, फक्त आणखी बारीक. सादरीकरणाच्या शेवटी जोडलेल्या जादा स्लाइड्स प्रश्नोत्तरांत उपयोगी पडतात, पण त्या वक्त्याशिवाय बोलत नाहीत. आधी हँडआउट पूर्ण लिहावं आणि मग त्यातून स्लाइड्स काढाव्यात, असं माझं ठाम मत आहे. उलट क्रमानं गेलं की हँडआउट म्हणजे उरलेल्या गोष्टींची अडगळ होते.

ते द्यायचं कधी? बोलणं सुरू असताना वाटलं तर माना खाली जातात आणि वर सांगितलेली वाचन-श्रवणाची ओढाताण परत सुरू होते. निर्णय घ्यायचा असेल तर सुरुवातीला वाटून चार-पाच मिनिटं शांतपणे वाचू द्यावं. दोन पानांना तेवढा वेळ पुरतो. अ‍ॅमेझॉनमध्ये वरिष्ठांच्या बैठकांसाठी २००४ साली स्लाइड्सऐवजी सलग गद्यातलं टिपण आणण्याची पद्धत सुरू झाली, आणि बैठकीची सुरुवात ते टिपण मूकपणे वाचण्यानं होते. नुसती ओळख करून देणारं व्याख्यान असेल तर हँडआउट शेवटी द्यावं, मात्र ते मिळणार आहे हे आधीच सांगावं, म्हणजे लोक आकडे उतरवत बसत नाहीत.

विभागणी जमली की नाही, हे दोन बाजूंनी तपासता येतं. सादरीकरणाला नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला फक्त हँडआउट द्यावं आणि विचारावं की निष्कर्ष काय, तो कशावर उभा आहे आणि कुठे लागू होत नाही. तिसऱ्या प्रश्नाला तो अडखळला, तर मर्यादा अजून कुठेतरी तळाशी दडलेली आहे. दुसऱ्या कुणाला फक्त स्लाइड पाच सेकंद दाखवून काय कळलं ते विचारावं. आणि आकडा बदलला तर तो दोन्हीकडे बदलायला हवा. आघाताच्या अंदाजासारखे आकडे नव्या माहितीनुसार सरकत राहतात. पडद्यावर नवा आणि कागदावर जुना दिसला की श्रोत्यांचा दोन्हींवरचा विश्वास उडतो. त्यासाठी स्लाइडच्या आणि हँडआउटच्या तळाशी एकच तारीख आणि आवृत्तीचा एकच क्रमांक टाकावा.