किती लागलं आणि किती लागू शकलं असतं: अपघाताच्या अहवालातले दोन दर्जे

अपघाताच्या फॉर्मवर 'गांभीर्य' असा एकच रकाना असला की घोळ होतो, कारण त्या एका शब्दात दोन वेगळे प्रश्न दडलेले असतात. एक प्रश्न प्रत्यक्षात काय झालं हा, आणि दुसरा काय होऊ शकलं असतं हा. पहिल्याचं उत्तर दवाखान्याच्या कागदावरून आणि हजेरीवरून मिळतं. दुसऱ्यासाठी वजनकाटा आणि मोजपट्टी लागते.

उदाहरण म्हणून झुवारीच्या काठावरचं एखादं जहाज-दुरुस्तीचं यार्ड घेऊ. स्कॅफोल्डिंग उतरवताना ९ मीटरवरून १.२ किलोचा क्लॅम्प सुटला आणि खाली काँक्रीटवर आदळला. उडालेली खपली ३ मीटरवरच्या हेल्परच्या पोटरीला लागली. जखम धुऊन पट्टी बांधली आणि तो तासाभरात कामावर परतला.

प्रत्यक्ष दर्जा इथे सरळ आहे: प्रथमोपचार, म्हणजे सर्वांत खालची पायरी. पुरावाही सोपा असतो: प्रथमोपचार पेटीच्या नोंदवहीतली ओळ, तपासलं असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी, आणि त्या दिवसाची व पुढच्या दोन दिवसांची हजेरी. हजेरी दोन दिवसांची पाहायची, कारण जखमी माणूस अपघातानंतर सलग ४८ तास किंवा जास्त कामाला येऊ शकला नाही, तर सरकारी खात्याला कळवावं लागतं. पोटरी दुसऱ्या दिवशी सुजून तो घरी राहिला तर प्रत्यक्ष दर्जा वर न्यायचा आणि बदलाची तारीख लिहायची.

संभाव्य दर्जा मात्र पट्टी पाहून ठरत नाही. क्लॅम्पमधली ऊर्जा काढायची: वजन गुणिले ९.८ गुणिले उंची.

```
1.2 × 9.8 × 9 = 105.84 J
```

म्हणजे सुमारे १०६ जूल, आणि आदळतानाचा वेग ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास. हा आकडा वाचणाऱ्याला भिडायला तुलना द्यावी. ईएन ३९७ या युरोपीय मानकात हेल्मेटवर ५ किलोचा ठोकळा १ मीटरवरून टाकतात, म्हणजे ४९ जूल. क्लॅम्पची ऊर्जा त्याच्या दुपटीहून जास्त. डोक्यावर बसला असता तर हेल्मेट घातलेला माणूसही जिवाला मुकू शकला असता. म्हणून संभाव्य दर्जा: मृत्यू.

'असता तर' म्हणताना लगाम लागतो. आमचा नियम असा: घटनेतली एकच गोष्ट बदलून पाहायची, आणि ती बदलणं रोजच्या कामात घडण्यासारखं असलं पाहिजे. माणूस ३ मीटर अलीकडे असता, एवढंच बदललं. हे खरंच घडण्यासारखं होतं का? जिथे क्लॅम्प पडला तिथून रंगाच्या खोलीकडची पायवाट जाते आणि दोरी बांधलेली नव्हती, हे फोटोत दिसतं. मग उत्तर 'हो'. पण 'तो खाली वाकलेला असता, हेल्मेट काढलेलं असतं आणि वर आणखी दोन क्लॅम्प सुटले असते' अशी साखळी जोडली की प्रत्येक घटना मृत्यूचीच ठरते आणि दर्जाला अर्थ उरत नाही. उलट तो भाग जाळीने बंद असता, आत कुणाला जाताच येत नसतं, तर त्याच १०६ जूलला मृत्यू लिहिणं चूक ठरलं असतं.

जुलांच्या हिशेबाला मर्यादाही आहे. तो बोथट वस्तूंसाठी चालतो. टोकदार सळई किंवा पत्र्याचा तुकडा कमी ऊर्जेतही खोल घुसतो, तेव्हा आकारही लिहावा.

अहवालातलं समर्थन पाच वाक्यांत बसतं: "क्लॅम्प काट्यावर १.२ किलो भरला. पडण्याची उंची टेपने ९ मीटर (फोटो २). पडलेली जागा वापरातल्या पायवाटेवर आहे, अडथळा नव्हता (फोटो ३). ऊर्जा सुमारे १०६ जूल. डोक्याला लागल्यास मृत्यू संभवतो." 'अत्यंत धोकादायक', 'थोडक्यात बचावला' असे शब्द नकोत, त्यांतून काही तपासता येत नाही. 'अंदाजे बरंच उंच' लिहिलं तर बैठकीत कुणीतरी ४ मीटर म्हणतो, आकडा ४७ जूलवर येतो आणि अर्धा दर्जा तिथेच गळतो. म्हणून क्लॅम्प उचलण्याआधी टेपसह फोटो घ्यावा.

बैठकीत हमखास ऐकू येतं, "कुणाला काही झालं नाही ना, मग खाली आणा. आणि आता जाळीही लावलीय." जाळी घटनेनंतर लागली, ती उपाययोजनेच्या रकान्यात जाते. घटनेच्या वेळी ती नव्हती, म्हणून दर्जा तसाच राहतो. खाली आणायचा असेल तर मोजमाप चुकलं होतं हे दाखवावं लागतं: काट्यावर ०.७ किलो भरला, किंवा पायवाट महिन्याभरापासून बंद होती. तसं निघालं तर जुना आकडा खोडायचा नाही. त्याच्या खाली नवा आकडा, कारण, तारीख आणि सही.