क्रमगुणिताच्या घातरूप सीमा

१ पासून n पर्यंतच्या सर्व पूर्णांकांच्या गुणाकाराला n चे क्रमगुणित म्हणतात आणि तो n! असा लिहितात, ही खूण क्रिस्तियां क्रांप या गणितज्ञाने १८०८ मध्ये रूढ केली. n वाढत जाईल तसे क्रमगुणित किती वेगाने वाढते, हे घातांकी वाढीशी म्हणजे c^n या राशीशी ताडून पाहण्याची रीत आहे. c^n मध्ये प्रत्येक पायरीला मागील किमतीला त्याच स्थिर संख्येने गुणावे लागते, तर क्रमगुणितातील गुणक दर पायरीला एकाने मोठा होत जातो. त्यामुळे c कितीही मोठा घेतला तरी शेवटी क्रमगुणितच पुढे जाणार, हे सहज पटते. मात्र ते केव्हा पुढे जाते हे एवढ्यावरून कळत नाही. त्यासाठी n! ला दोन सोप्या घातांच्या मध्ये पकडणारी पुढील असमानता उपयोगी पडते :

n^(n/2) ≤ n! ≤ ((n+1)/2)^n

तिन्ही राशींचे n वे मूळ काढले की हिचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. डावीकडे √n आणि उजवीकडे (n+1)/2 उरते. n! ही संख्या b^n अशा रूपात लिहिली, तर b हा आधार √n पेक्षा लहान नसतो आणि (n+1)/2 पेक्षा मोठा नसतो. घातांकी वाढीत हा आधार स्थिर असतो. क्रमगुणितात तो स्वतःच अमर्याद वाढतो. दोहोंतील खरा भेद इतकाच आहे.

सिद्धतेसाठी क्रमगुणित दोनदा लिहावे, एकदा चढत्या क्रमाने आणि एकदा उतरत्या क्रमाने, आणि वरखाली आलेल्या संख्यांच्या जोड्या कराव्यात. k च्या खाली n+1−k येते, म्हणून (n!)² हा k(n+1−k) या रूपाच्या n जोड्यांचा गुणाकार ठरतो. आता k(n+1−k) − n = (k−1)(n−k) हे नित्यसमीकरण पाहावे. k हा १ आणि n यांच्या दरम्यान असल्याने उजवी बाजू ऋण होऊ शकत नाही; म्हणजे प्रत्येक जोडीचा गुणाकार निदान n तरी असतो आणि (n!)² ≥ n^n मिळते. वरच्या सीमेसाठी ((n+1)/2)² − k(n+1−k) = ((n+1)/2 − k)² हे नित्यसमीकरण पुरते. वर्ग ऋण नसल्याने एकही जोडी ((n+1)/2)² पेक्षा मोठी होत नाही. दोन्ही ठिकाणी वर्गमूळ घेतले की काम झाले. टोकाच्या जोड्या (१ आणि n) खालच्या सीमेला स्पर्श करतात, मधल्या जोड्या वरच्या सीमेजवळ असतात आणि बाकीच्या यांच्या दरम्यान राहतात. पुस्तकांत पुष्कळदा याहून ढोबळ सीमा आढळतात : n/2 च्या पुढचे गुणक तेवढे धरून खालची सीमा (n/2)^(n/2), आणि प्रत्येक गुणकाऐवजी n घेऊन वरची सीमा n^n. त्या तोंडी सांगता येतात, पण जोड्यांची सीमा मिळवायला फारसे जास्त श्रम पडत नसताना त्यांवर थांबण्याचे कारण दिसत नाही. n = 10 साठी 10! = ३६,२८,८०० आहे. जोड्यांच्या पद्धतीने ही संख्या १,००,००० आणि सुमारे २ कोटी ५३ लाख यांच्या मध्ये सापडते, तर ढोबळ पद्धतीने ३,१२५ आणि १,००० कोटी यांच्या मध्ये.

आता c = 10 घेऊन n! आणि 10^n यांची तुलना करू. खालच्या सीमेनुसार √n ≥ 10 झाले, म्हणजे n हा १०० किंवा त्याहून मोठा असला, की n! हे 10^n च्या मागे असूच शकत नाही. सर्वसाधारणपणे n ≥ c² ही अट पुरेशी आहे. वरच्या सीमेनुसार (n+1)/2 ≤ 10 असेपर्यंत, म्हणजे n = 19 पर्यंत, n! पुढे जाऊ शकत नाही. ओलांडणी २० आणि १०० यांच्या दरम्यान होणार, हे एकही क्रमगुणित न मोजता ठरले. प्रत्यक्षात 24! सुमारे 6.2 × 10^23 म्हणजे 10^24 पेक्षा लहान आहे, आणि 25! सुमारे 1.55 × 10^25 म्हणजे 10^25 पेक्षा मोठे आहे. ओलांडणी n = 25 ला होते.

पहिल्या काही किमतींचा तक्ता पाहून निष्कर्ष काढणारा येथे हमखास फसतो. 10^n ÷ n! हे गुणोत्तर एका पायरीवर 10/n ने बदलते, म्हणून n दहापेक्षा लहान असेपर्यंत ते वाढतच जाते; n = 9 आणि n = 10 ला ते सारखेच, सुमारे २,७५६ असते, आणि त्यानंतरच घसरू लागते. पहिल्या दहा ओळी पाहणाऱ्याला घातांकी राशीच दर वेळी अधिक पुढे सरकताना दिसते. c = 3 असतानाही हे लहान प्रमाणावर घडते : 3^6 = ७२९ आणि 6! = ७२०, म्हणजे सहाव्या पायरीवर क्रमगुणित केवळ नऊने मागे असते, आणि सातव्या पायरीवर ५,०४० विरुद्ध २,१८७ असे दुपटीहून पुढे जाते.

या सीमांची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. 100! मध्ये १५८ अंक आहेत. खालची सीमा 10^100 म्हणजे १०१ अंकी आणि वरची १७१ अंकी आहे. अशा फरकाला जवळचे मूल्य म्हणता येत नाही. लॉगॅरिदम घेतले तर मात्र चित्र बरेच सुधारते, कारण log n! हे (n/2) log n आणि n log n यांच्या मध्ये येते आणि वाढीचा दर्जा n log n हाच असल्याचे निश्चित होते. संगणकशास्त्रात बऱ्याचदा एवढेच लागते : केवळ तुलनेने n वस्तू क्रमाने लावणाऱ्या कोणत्याही पद्धतीला, सर्वांत वाईट प्रसंगी, निदान log₂ n! तुलना कराव्या लागतात, म्हणून तिला (n/2) log₂ n च्या खाली जाता येत नाही. पण n log n चा सहगुणक अर्धा की एक, हा प्रश्न जोड्यांच्या सीमा उघडाच ठेवतात. त्याचे उत्तर e^n च्या घातश्रेणीत मिळते. त्या श्रेणीतील सर्व पदे धन असून त्यांपैकी एक n^n/n! हे आहे, म्हणून e^n > n^n/n!, म्हणजेच n! > (n/e)^n. आधार √n च्या जागी n/e आला, तेव्हा सहगुणक एकच ठरतो. याच सीमेने c = 10 साठी पुरेशी अट n ≥ 28 पर्यंत खाली येते, जी खऱ्या २५ च्या अगदी जवळ आहे. (n/e)^n आणि n! यांच्यात उरणारे अंतर सुमारे √(2πn) पटीचे असते. या सूत्राचे रूप अब्राहम द म्वाव्हर यांना आधी मिळाले होते आणि त्यातील स्थिरांक √(2π) आहे हे जेम्स स्टर्लिंग यांनी १७३० च्या सुमारास दाखवले.