साबुदाण्याची खीर : साबुदाणा भिजवणे व शिजवणे

साबुदाण्याची खीर. भिजवलेला साबुदाणा पाण्यात व दुधात शिजवून केलेला, प्रामुख्याने उपवासाचा गोड पदार्थ. मराठवाड्यात एकादशी, श्रावणी सोमवार, महाशिवरात्र व नवरात्र या निमित्ताने ती घरोघरी होते. प्रस्तुत नोंदीत खिरीचा दाणा काचेसारखा पारदर्शक कसा होतो आणि खिरीची खळ का होते, एवढ्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

मूळ द्रव्याविषयी : साबुदाणा हे नाव आज ज्या पदार्थाला दिले जाते तो भारतात जवळजवळ सर्वस्वी कसाव्याच्या (मॅनिहॉट एस्क्युलेंटा) कंदातील पिष्टापासून बनतो. आग्नेय आशियात मात्र हे पिष्ट साबू ताडाच्या (मेट्रोझायलॉन सागू) खोडातून काढण्याची जुनी रीत आहे, आणि भारतात प्रथम आलेला साबुदाणा त्या ताडाचा असावा असे सामान्यतः मानले जाते. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो पोर्तुगीजांमार्फत साधारणतः सतराव्या शतकात मलबार किनाऱ्यावर आला, असे बहुतेक अभ्यासक म्हणतात. कसाव्यापासून साबुदाणा करण्याचा उद्योग तमिळनाडूतील सेलम भागात १९४० च्या दशकात, महायुद्धामुळे आयात अडलेली असताना वाढीस लागला. हा पदार्थ उपवासाला चालतो हे केव्हा ठरले, याबाबत दोन मते आढळतात. एका मतानुसार कंदमूळ उपवासाला चालते या जुन्या नियमातच तो सामावला गेला. दुसऱ्या मतानुसार तो धान्य नव्हे, एवढ्यावरच त्याला मान्यता मिळाली. ताडाच्या खोडातील पिष्टाला कंदमुळाचा नियम लागू होत नसल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. खिरीच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की दोन्ही दाणे शुद्ध पिष्टाचे असून त्यांत गव्हातल्यासारखे चिकटून धरणारे प्रथिन नसते.

दाण्याची घडण : कंद सोलून, किसून, धुऊन निघालेले पांढरे दूध स्थिर ठेवले की पिष्ट तळाशी बसते. ओलसर पिष्ट हलवून त्याच्या गोळ्या वळवतात व त्या तापलेल्या तव्यांवर भाजतात. या भाजणीत फक्त बाहेरचा थर अर्धवट शिजून घट्ट होतो. आत कच्चे पिष्ट कोरडेच राहते. म्हणजे प्रत्येक दाणा हा कच्च्या पिठाभोवती बसलेले एक पातळ कवच असतो. नायलॉन साबुदाणा वाफवून केलेला असल्याने कोरडा असतानाही काचेसारखा दिसतो. म्हणून पारदर्शकतेची पुढील कसोटी त्याला लागू पडत नाही.

भिजवण्याचे कारण : कसाव्याचे पिष्ट साधारण ६० ते ७० अंश सेल्सियसच्या दरम्यान पाणी शोषून फुगते. त्यातील स्फटिकमय रचना मोडते, प्रकाश विखुरणे थांबते आणि पांढरा दाणा पारदर्शक होतो. यासाठी दाण्याच्या गाभ्यापर्यंत पाणी आणि उष्णता दोन्ही पोचावी लागतात. न भिजवलेला दाणा उकळत्या पाण्यात टाकला, तर बाहेरचा थर आधी फुगून गुळगुळीत होतो आणि त्यातून आत जाणारे पाणी फार मंदावते. गाभ्यात पांढरी कणी राहते. ती शिजावी म्हणून उकळत ठेवल्यास बाहेरचा थर विरघळून दुधात मिसळतो, आणि कणीही राहते, खळही होते. भिजवल्याने पाण्याचे काम थंड असतानाच उरकते, शिजवताना फक्त उष्णता पोचायची राहते. तुपात परतून, न भिजवता खीर करण्याची रीत काही घरी आहे. तीत दाणे सुटे राहतात, परंतु मोठ्या दाण्यात कणी राहण्याचा धोका टळत नाही.

प्रमाण व कृती : चार-पाच जणांसाठी मध्यम आकाराचा साबुदाणा अर्धी वाटी, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम घ्यावा. तो दोन-तीन पाण्यांनी, न चोळता धुवावा. पोत्यात दाणे घासून सुटलेले पीठ या धुण्यात निघून जाते, आणि खीर चिकट होण्याचे निम्मे कारण तेच असते. नंतर दाणे जेमतेम बुडतील एवढे पाणी ठेवून एक ते दोन तास झाकावेत. दाणा चिमटीत दाबला असता मध्ये टणक न लागता पूर्ण पीठ झाला पाहिजे. खिचडीसाठी रात्रभर भिजवण्याची सवय येथे उपयोगी नाही : फार भिजलेला दाणा शिजताना फुटतो, आणि मराठवाड्यात पारा ४० अंशांपुढे जातो त्या दिवसांत रात्रभर बाहेर ठेवलेला साबुदाणा आंबूसही होऊ शकतो.

पातेल्यात दोन वाट्या पाणी खळखळ उकळून त्यात निथळलेले दाणे सोडावेत. पाणी उकळते असल्याने कवच लगेच बसते. गार पाण्यात टाकून तापवल्यास दाणे तळाशी चिकटून गोळा होतात. पहिल्यांदा एकदाच हलक्या हाताने तळ ढवळून आच मध्यमाहून कमी करावी व पुढे अधूनमधूनच पळी फिरवावी. आठ-दहा मिनिटांत बहुतेक दाणे पारदर्शक होतात आणि मध्ये टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका उरतो. या टप्प्यावर, ठिपका पूर्ण जाण्याची वाट न पाहता, वेगळे तापवलेले अर्धा लिटर दूध घालावे. दाणे आरंभापासून दुधात शिजवू नयेत. दुधातील साखर व इतर घन पदार्थ पाणी धरून ठेवतात, त्यामुळे फुगण्याची गती मंदावते. शिवाय दूध तळाला लागू नये म्हणून सतत ढवळावे लागते आणि ढवळण्याने फुगलेले दाणे मोडतात.

मंद आचेवर आणखी पाच-सात मिनिटांत ठिपका नाहीसा होतो. साखर त्यानंतरच, चार-पाच चमचे घालावी. साखर पाणी ओढून घेते व पिष्ट फुगण्याचे तापमान वाढवते, त्यामुळे ती आधी पडल्यास उरलेली कणी बराच वेळ शिजत नाही. गूळ वापरायचा असल्यास पातेले उतरवून, खीर थोडी निवल्यावर मिसळावा. उकळत्या दुधात तो घातल्यास दूध फाटण्याचा संभव असतो.

ओळख व दोष : स्टीलच्या ताटलीत चमचाभर खीर ओतावी. दाणे सुटे राहून भोवती पातळ दूध पसरले, तर खीर जमली. चमच्यामागे तार आली आणि द्रव गढूळ, ओढाळ दिसला, तर पिष्ट बाहेर पडले आहे असे समजावे. ते परत दाण्यात जात नाही; गरम दूध घालून खीर पातळ करणे एवढाच उपाय उरतो, दाण्याचा आकार मात्र मिळत नाही. कणी राहिली असल्यास पुन्हा उकळण्यापेक्षा पातेले उतरवून, घट्ट झाकून दहा मिनिटे ठेवावे. आतल्या उष्णतेनेच ती बहुधा शिजते.

खीर हवी त्याहून पातळ असतानाच उतरवावी, कारण निवताना दाणे द्रव शोषत राहतात व पिष्टही आळते. नैवेद्य दाखवून फराळापर्यंत तासभर थांबायचे असेल, तर वाढताना वाटीभर गरम दूध हाताशी ठेवावे लागते. रात्री उरलेली खीर सकाळी घट्ट झालेली आढळते. ती थेट आचेवर न ठेवता, दूध घालून मंद तापवल्यास दाणे शाबूत राहतात.