बर्बेरिन आणि कोलेस्टेरॉलसाठीची पूरके

बर्बेरिन हे काही वनस्पतींच्या मुळांत, खोडात आणि सालीत आढळणारे पिवळ्या रंगाचे अल्कलॉइड आहे. दारुहळद, चिनी वैद्यकातील हुआंगलियान आणि उत्तर अमेरिकेतील गोल्डनसील हे त्याचे प्रमुख स्रोत होत. दारुहळदीचे लाकूड कापल्यावर जो पिवळा रंग दिसतो, तो मुख्यतः बर्बेरिनचाच असतो. तिच्या काढ्यापासून आटवून केलेले रसांजन आयुर्वेदात डोळ्यांच्या विकारांवर वापरले जाते, तर चीनमध्ये बर्बेरिनच्या गोळ्या दीर्घकाळ जुलाबावरचे औषध म्हणून विकल्या गेल्या. आज मात्र हे द्रव्य कोलेस्टेरॉल, रक्तशर्करा आणि वजन कमी करणारे पूरक म्हणून प्रामुख्याने खपते. ते बहुधा 500 मि.ग्रॅ.च्या कॅप्सूलमध्ये मिळते आणि दिवसातून दोन किंवा तीन वेळा जेवणाच्या वेळी घेतले जाते.

बर्बेरिनकडे हृदयरोगतज्ज्ञांचे लक्ष गेले ते 2004 साली. त्या वर्षी ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात चिनी संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोलेस्टेरॉल वाढलेल्या 32 रुग्णांना 500 मि.ग्रॅ. बर्बेरिन दिवसातून दोनदा असे तीन महिने देण्यात आले, तेव्हा त्यांचे एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, सुमारे 25 टक्क्यांनी आणि ट्रायग्लिसराइड ही रक्तातील चरबी सुमारे 35 टक्क्यांनी उतरली. त्यामागची क्रियाही लक्षवेधी होती. यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडून आत ओढून घेणारे ग्राही असतात आणि त्यांची संख्या वाढली की रक्तातील एलडीएल कमी होते. स्टॅटिन गटाची औषधे पेशीतील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखून हे ग्राही वाढवतात. बर्बेरिन मात्र ग्राही घडवण्याचा संदेश वाहणारा आरएनए अधिक काळ टिकवून धरते. म्हणजे वाट वेगळी असली तरी मुक्काम एकच.

पुढे झालेल्या अनेक चाचण्यांचा एकत्रित विचार केल्यावर चित्र थोडे फिके झाले. बर्बेरिनने एलडीएल सरासरी 20 ते 25 मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर इतके उतरते, असे या विश्लेषणांतून साधारणपणे दिसते. यांपैकी बहुतेक चाचण्या चीनमध्ये झाल्या, त्यांतील रुग्णांची संख्या कमी होती आणि बऱ्याच चाचण्यांत प्लासिबो, म्हणजे औषधद्रव्य नसलेली तशीच दिसणारी गोळी, वापरून तुलना केलेली नव्हती. इटलीतील चाचण्यांत बर्बेरिन बहुधा लाल यीस्ट तांदूळ आणि इतर द्रव्यांच्या मिश्रणातून दिले गेल्यामुळे परिणामाचे श्रेय कोणाला द्यायचे हे ठरवणे अवघड जाते. सर्वांत मोठी उणीव याहून वेगळी आहे: बर्बेरिन घेतल्याने हृदयविकाराचे झटके, पक्षाघात किंवा मृत्यू कमी होतात, हे दाखवणारी मोठी आणि दीर्घ मुदतीची चाचणी झालेली नाही. स्टॅटिनबाबत असा पुरावा लाखाहून अधिक रुग्णांच्या माहितीतून उभा राहिला आहे. एलडीएल सुमारे 39 मि.ग्रॅ.ने कमी झाले, तर रक्तवाहिन्यांशी संबंधित गंभीर घटना जवळपास पाचव्या हिश्शाने घटतात, असे ती माहिती सांगते. तपासणीच्या कागदावरचा आकडा उतरणे आणि झटका टळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बर्बेरिनबाबत आज फक्त पहिलीविषयी बोलता येते.

याच बाजारातील लाल यीस्ट तांदळाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. तांदळावर मोनॅस्कस ही बुरशी वाढवून तो तयार करतात. त्यातील मोनॅकोलिन के हे द्रव्य आणि लोव्हास्टॅटिन हे औषध रासायनिकदृष्ट्या एकच आहेत. त्यामुळे ‘स्टॅटिन नको’ म्हणून लाल यीस्ट तांदूळ घेणारा माणूस प्रत्यक्षात स्टॅटिनच घेत असतो, फक्त मात्रा ठाऊक नसताना. अमेरिकेतील 28 उत्पादनांच्या 2017 साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत काहींमध्ये मोनॅकोलिन के मुळीच आढळले नाही, तर ते असलेल्या उत्पादनांत त्याच्या प्रमाणात साठपटींहून अधिक तफावत निघाली. युरोपीय संघाने 2022 पासून दैनंदिन मात्रेतील मोनॅकोलिन 3 मि.ग्रॅ.पेक्षा कमी असले पाहिजे, असा नियम केला. शिवाय ही बुरशी कधीकधी सिट्रिनिन हे मूत्रपिंडांना घातक असे विष तयार करते. मार्च 2024 मध्ये जपानमध्ये लाल यीस्ट तांदळाची काही पूरके बाजारातून परत मागवावी लागली, कारण ती घेणाऱ्यांना मूत्रपिंडांचे विकार जडले होते. त्या वेळी संशयित म्हणून पुढे आलेले प्युबेरुलिक आम्ल हे तर निळ्या बुरशीपासून तयार होणारे द्रव्य होते, म्हणजे दोष कारखान्यात शिरलेल्या परक्या बुरशीचा असावा.

भारतीय वाचकाच्या अधिक परिचयाचा असलेला गुग्गुळ पुराव्याच्या कसोटीवर मागे पडतो. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने विकसित केलेला गुग्गुळाचा अर्क भारतात कोलेस्टेरॉलवरील औषध म्हणून बाजारात आला आणि सुरुवातीच्या भारतीय अभ्यासांत त्याचे निष्कर्ष आशादायक होते. परंतु 2003 साली अमेरिकेत 103 प्रौढांवर प्लासिबोशी तुलना करून झालेल्या चाचणीत गुग्गुळ घेणाऱ्यांचे एलडीएल उतरण्याऐवजी किंचित वाढले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. अमेरिकेतच 2022 साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका चाचणीत 190 जणांना 28 दिवस 5 मि.ग्रॅ. रोसुव्हास्टॅटिन, प्लासिबो किंवा माशाचे तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पती स्टेरॉल, लाल यीस्ट तांदूळ यांपैकी एक पूरक देण्यात आले. रोसुव्हास्टॅटिनने एलडीएल सुमारे 38 टक्क्यांनी घटले, तर एकही पूरक प्लासिबोपेक्षा सरस ठरले नाही. या चाचणीचा खर्च रोसुव्हास्टॅटिन बनवणाऱ्या कंपनीने उचलला होता आणि चार आठवड्यांचा काळ तसा थोडाच, हे लक्षात ठेवूनही दोहोंतील अंतर डोळ्यांत भरते. या साऱ्यात सर्वांत विश्वासार्ह ठरतो तो घरोघरी असणारा इसबगोल. रोज सुमारे 10 ग्रॅम भुशी पुरेशा पाण्याबरोबर घेतल्यास एलडीएल काही टक्क्यांनी कमी होते. मात्र तो आतड्यात थायरॉइडच्या गोळीसारखी औषधे अडवून धरू शकतो. म्हणून ती औषधे आणि इसबगोल यांच्यात काही तासांचे अंतर ठेवावे लागते.

बर्बेरिनच्या सुरक्षिततेचा खरा प्रश्न इतर औषधांबरोबर ते घेतल्यावर उभा राहतो. एकट्याने घेतले असता बद्धकोष्ठता, पोट फुगणे, मुरडा किंवा जुलाब असे त्रास होतात आणि ते बहुधा मात्रा कमी केल्यावर थांबतात. आतड्यातून रक्तात पोहोचणारे बर्बेरिन घेतलेल्या मात्रेच्या एक टक्क्याहूनही कमी असते. तरीही यकृत व आतड्यातील जी विकरे औषधांचे विघटन करतात, त्यांपैकी काहींना ते मंद करते. निरोगी पुरुषांवरील 2012 च्या एका अभ्यासात 300 मि.ग्रॅ. बर्बेरिन दिवसातून तीनदा दोन आठवडे दिल्यावर सीवायपी3ए4, सीवायपी2सी9 आणि सीवायपी2डी6 या तिन्ही विकरांचे काम घटलेले दिसले. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांवरील चिनी अभ्यासात बर्बेरिन दिल्यावर सायक्लोस्पोरिन या, शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधाचे रक्तातील एकूण प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने वाढले. हे औषध थोडे वाढले तरी मूत्रपिंडांना इजा करू शकते, त्यामुळे अशा रुग्णांनी बर्बेरिनपासून दूरच राहावे.

रोजच्या व्यवहारात हे कसे घडू शकते, ते एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल. साठीच्या जवळ आलेला, मधुमेह आणि उच्च रक्तदाब असलेला एक गृहस्थ अटोरव्हास्टॅटिन हे स्टॅटिन, रक्तदाबासाठी लोसार्टन आणि मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेत आहे. स्टॅटिनमुळे स्नायू दुखतात असे वाटून तो स्वतःहून बर्बेरिन सुरू करतो, पण स्टॅटिन बंद करत नाही. अटोरव्हास्टॅटिनचे विघटन सीवायपी3ए4 करते. ते मंदावले तर औषध रक्तात साचू शकते आणि ज्या स्नायुदुखीसाठी हा खटाटोप केला, तीच बळावू शकते. ग्लिमेपिराइड सीवायपी2सी9 वर अवलंबून असते आणि बर्बेरिन स्वतःही साखर उतरवते. दोन्ही मिळून दुपारच्या जेवणाला उशीर झाला की घाम, थरथर आणि गोंधळल्यासारखे होणे अशी साखर घसरल्याची लक्षणे दिसू शकतात. लोसार्टनचे गणित उलटे आहे. हेच विकर त्याचे अधिक प्रभावी रूप तयार करते, म्हणून येथे औषध वाढण्याऐवजी त्याचा परिणाम कमी पडण्याचा आणि रक्तदाब चढण्याचा संभव असतो. हा गृहस्थ तीन वेगळ्या तक्रारी घेऊन डॉक्टरांकडे जाईल, आणि ‘कॅप्सूल आयुर्वेदिक आहे’ असे समजून तिचा उल्लेख केला नाही, तर डॉक्टर ग्लिमेपिराइडची मात्रा घटवतील आणि रक्तदाबाचे औषध वाढवतील. मूळ कारण तसेच राहील. नंतर बर्बेरिन अचानक सोडले, तर बदललेल्या मात्रा पुन्हा चुकीच्या ठरतील. लघवी गडद तपकिरी होणे किंवा मांड्या व खांद्यांत जोर उरला नसल्यासारखे वाटणे ही स्नायूंना गंभीर इजा झाल्याची खूण असू शकते आणि तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे लागते.

त्याच गृहस्थाचे एलडीएल औषधांविना 160 असते असे धरले, तर बर्बेरिनने ते फार तर 135 ते 140 पर्यंत येईल. मध्यम मात्रेतील स्टॅटिनने ते शंभराच्या खाली जाऊ शकते. मधुमेहींसाठी ठरवली जाणारी उद्दिष्टे शंभरच्या खालचीच असतात. स्नायुदुखीमुळे स्टॅटिन खरोखरच सोसत नसेल, तर मात्रा कमी करणे, दुसरे स्टॅटिन देऊन पाहणे किंवा एझेटिमाइब वा बेम्पेडोइक आम्ल या स्टॅटिन नसलेल्या औषधांकडे वळणे असे पर्याय डॉक्टरांपुढे असतात. इतर पूरकांचेही असे संबंध आहेत. गुग्गुळ डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल या रक्तदाब व हृदयविकारावरील औषधांचे शोषण कमी करतो असे आढळले आहे. एकवटलेला लसणाचा अर्क आणि माशाचे तेल रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफरिनबरोबर घेतल्यास रक्तस्रावावर नजर ठेवावी लागते. लाल यीस्ट तांदूळ आणि स्टॅटिन एकत्र घेणे म्हणजे स्टॅटिनची दुहेरी मात्राच होय.

बाटलीवर जे लिहिले तेच आत आहे, याचीही खात्री नसते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या 15 बर्बेरिन उत्पादनांच्या 2018 मधील तपासणीत नऊ उत्पादनांतील बर्बेरिन लेबलवर छापलेल्या मात्रेच्या 90 टक्क्यांपर्यंतही पोहोचले नाही. औषधाप्रमाणे विक्रीआधी परिणामकारकता सिद्ध करण्याची सक्ती पूरकांवर बहुतेक देशांत नसते.

गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांना तसेच नवजात बालकांना बर्बेरिन देऊ नये, याविषयी मतभेद नाही. नवजात बाळाच्या रक्तातील बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारे पिवळे द्रव्य, अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहते. बर्बेरिन त्याला तेथून हुसकावून लावते आणि सुटे झालेले बिलिरुबिन मेंदूत शिरल्यास कायमची इजा होऊ शकते. जी6पीडी या विकराची उणीव असलेल्या बाळांच्या तीव्र काविळीशी हुआंगलियानचा संबंध जोडला गेल्याने सिंगापूरने 1978 साली बर्बेरिनयुक्त औषधांवर बंदी घातली आणि ती कित्येक दशकांनी शिथिल केली.