ओघतक्ता व तक्तापूर्ती

वाचन आकलन तपासण्याचा हा एक कृतिप्रकार आहे. उताऱ्यात सांगितलेली प्रक्रिया किंवा घटनांची मालिका बाणांनी जोडलेल्या चौकटींत मांडलेली असते. काही चौकटी भरलेल्या, काही रिकाम्या असतात आणि उतारा वाचून रिकाम्या चौकटी भरायच्या असतात. या मांडणीला ओघतक्ता म्हणतात. तीच माहिती आडव्या-उभ्या रकान्यांत दिली आणि मधली घरे कोरी ठेवली की तक्तापूर्ती होते. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या भाषाविषयांच्या कृतिपत्रिकेत ‘ओघतक्ता पूर्ण करा’, ‘आकृती पूर्ण करा’, ‘घटनांचा योग्य क्रम लावा’ या सूचना नेहमी दिसतात. परदेशी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी दिल्या जाणाऱ्या आयईएलटीएस परीक्षेच्या वाचन विभागातही हे दोन्ही प्रकार येतात.

कामाच्या पायऱ्या चिन्हांनी आणि रेषांनी मांडण्याची रीत कारखान्यांतून आली. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने 1921 मध्ये अमेरिकेतील यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे ‘प्रक्रिया तक्ते’ मांडले. एखादे काम नेमके कुठून कुठे जाते आणि मध्ये कुठे अडते, हे एका नजरेत दिसावे हा त्यांचा हेतू होता. वाचनाच्या कृतीत चौकटी आणि बाण तेच राहतात, पण काम उलट दिशेने चालते. अभियंता घडणारी गोष्ट पाहून तक्ता काढतो, तर वाचकाला शब्दांतून ती घडणारी गोष्ट परत उभी करावी लागते.

अवघड भाग नेमका इथेच आहे. ओघतक्त्यातला बाण काळाच्या दिशेने जातो, उताऱ्यातल्या ओळी मात्र लेखकाच्या सोयीने जातात. लेखक शेवट आधी सांगतो, मग मागे वळतो, मध्येच एखादी जोडगोष्ट सांगून पुढे सरकतो. उताऱ्यातली पहिली गोष्ट पहिल्या चौकटीत आणि दुसरी दुसऱ्या चौकटीत असे भरत गेले, तर सरळ उताऱ्यात उत्तरे जुळतात आणि असा वळणाचा उतारा आला की सगळी साखळी घसरते. एक उदाहरण पाहू.

> कोल्हापूरच्या बाजारात येणारी पिवळी ढेप वाफ्यात निवलेल्या गुळाची असते. वाफ्यात ओतण्याआधी गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून पाहतो; त्याची गोळी झाली की काहील उतरवायची वेळ झाली असे तो समजतो. तोवर रस बराच वेळ आटत असतो. रस तापू लागताच त्यात भेंडीच्या रोपांचा चिकट रस घातलेला असतो, त्यामुळे मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढून टाकली जाते. चरकातून हा उसाचा रस निघतो तेव्हा चिपाडही पडते. ते उन्हात वाळवून पुढच्या काहिलीच्या चुलवाणात जाळतात.

यावर दिलेला ओघतक्ता असा:

चरकात ऊस गाळणे → तापत्या रसात (1) ______ घालणे → वर आलेली मळी (2) ______ काढणे → रस आटवणे → थेंबाची (3) ______ झाली का ते पाहणे → (4) ______ ओतणे → ढेप

उत्तरे: (1) भेंडीच्या रोपांचा चिकट रस, (2) झाऱ्याने, (3) गोळी, (4) वाफ्यात. उताऱ्यात मात्र ही उत्तरे चौथे, तिसरे, पहिले, दुसरे अशा क्रमाने येतात आणि तक्त्यातली पहिली चौकट, चरक, थेट पाचव्या वाक्यात सापडते. लेखकाने तयार ढेपेपासून सुरुवात करून मागे मागे जात उसापर्यंत मजल मारली आहे. चौथे उत्तर पहिल्याच वाक्यात दिसले म्हणून ते पहिल्या रिकाम्या जागेत बसवले, तर ‘तापत्या रसात वाफा घालणे’ असे काहीतरी विचित्र तयार होते. हा विचित्रपणा ज्याच्या लक्षात येतो तो वाचक चौकटीच्या आजूबाजूचे शब्दही वाचत आहे, असे खात्रीने म्हणता येते.

क्रम शोधताना मराठीत काही खुणा हाताशी असतात. ‘ओतण्याआधी’, ‘तोवर’, ‘लागताच’, ‘निघतो तेव्हा’ या उघड खुणा आहेत. वरच्या उताऱ्यात ‘तोवर’ या एका शब्दावर बरेच काही अवलंबून आहे. रस आटणे हे थेंब तपासण्याच्या आधीचे काम आहे हे फक्त तोच सांगतो. क्रियापदाच्या रूपातली खूण त्याहून बारीक असते. ‘घातलेला असतो’ हे रूप ती गोष्ट आधीच होऊन गेल्याचे सांगते, म्हणून वाक्य उताऱ्यात नंतर आले तरी चौकट आधी येते. इतिहासाच्या उताऱ्यात हेच काम ‘केला होता’, ‘पोहोचली होती’ ही रूपे करतात. शिक्षक घटनाक्रम शिकवताना ‘प्रथम, नंतर, शेवटी’ हे शब्द अधोरेखित करायला सांगतात, पण मुरलेला लेखक ते शब्द क्वचितच वापरतो. क्रियापदांखाली रेघ मारायची सवय लावली तर तिचा उपयोग जास्त होतो.

‘-ऊन’ हा प्रत्यय खास जपून वाचावा लागतो. ‘वाळवून जाळतात’ यात दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. आधी वाळवणे, मग जाळणे, आणि तक्त्यात त्यांना दोन चौकटी मिळू शकतात. ‘काढून टाकली’ यात मात्र एकच क्रिया आहे, कारण इथले ‘टाकणे’ काढण्याची क्रिया पुरी झाल्याचे दाखवते. ‘मळी काढणे → मळी टाकणे’ अशा दोन चौकटी पाडणारा विद्यार्थी शब्द बरोबर उचलतो आणि अर्थ चुकवतो. ‘टाकून पाहतो’ हेही सरळ नाही. थेंब पाण्यात खरेच टाकला जातो, पण ‘पाहणे’ इथे अजमावण्याच्या अर्थाने आले आहे. तक्त्यात ती एकच पायरी, ‘पाक तपासणे’, म्हणून येईल. प्राथमिक वर्गांत व्याकरणाचा हा भाग वेगळा शिकवला जातो आणि उताऱ्याचा वेगळा, त्यामुळे दोघांची गाठ मुलांना आपणहून पडत नाही.

याच उताऱ्यावर चिपाडाची फांदी काढायला सांगितली तर आणखी एक अडचण समोर येते. चरकापासून दुसरा बाण निघून ‘उन्हात वाळवणे’ आणि पुढे ‘चुलवाणात जाळणे’ इथवर जातो. तो कुठे जोडायचा? बरेच जण तो ‘रस आटवणे’ या चौकटीला जोडतात, कारण जाळ तिथेच लागतो. पण उतारा ‘पुढच्या काहिलीच्या’ असे स्पष्ट सांगतो. आजच्या रसाखाली जळणारे चिपाड आधी वाळवलेले असते आणि आज पडलेले चिपाड पुढच्या खेपेला कामी येते. बाण या साखळीबाहेर जायला हवा किंवा नव्या फेरीच्या सुरुवातीला वळायला हवा. गुऱ्हाळ पाहिलेल्या मुलाला हे पटकन उमगते, कारण ओले चिपाड नीट जळत नाही हे त्याला ठाऊक असते. बाकीच्यांना ‘पुढच्या’ या एकाच शब्दावर थांबावे लागते. जो प्रश्न त्या शब्दावर थांबवतो तो चांगला प्रश्न होय.

तक्तापूर्तीची रीत वेगळी आहे. तिथे बाण नसतो, घर असते आणि त्या घराचा अर्थ ओळ व रकाना मिळून ठरतो. वरच्या उताऱ्यावर ‘टप्पा’, ‘लागणारी वस्तू’, ‘कशासाठी’ असे तीन रकाने केले तर ‘पाक तपासणे’ या ओळीत दुसऱ्या रकान्यात ‘गार पाणी’ आणि तिसऱ्यात ‘काहील उतरवायची वेळ कळण्यासाठी’ असे येईल. दुसऱ्या रकान्यात ‘गोळी’ लिहिणे ही इथली नेहमीची चूक आहे. शब्द त्याच वाक्यातला आणि त्याच टप्प्याचा असतो, पण गोळी ही वस्तू लागत नाही, ती तयार होते. म्हणून कोरे घर भरण्याआधी रकान्याचे शीर्षक वाचावे आणि त्याच रकान्यातले एखादे भरलेले घर पाहावे. तिथे नाम आहे की क्रिया, संख्या आहे की कारण, हे त्या भरलेल्या घरावरून कळते.

उत्तराच्या रूपाबाबत दोन्ही परीक्षांची शिस्त सारखी नाही. मराठीत उताऱ्यातला शब्द विभक्तीसह येतो आणि चौकटीला कधी मूळ रूप लागते. चौकटीत ‘ओतण्याचे ठिकाण: ______’ असे असेल तर ‘वाफा’ लिहायचे आणि ‘______ ओतणे’ असेल तर ‘वाफ्यात’. आयईएलटीएसमध्ये शब्द उताऱ्यातून जसाच्या तसा उचलायचा असतो आणि किती शब्द चालतील हे सूचनेतच दिलेले असते, उदाहरणार्थ ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’. मर्यादा ओलांडली तर आशय बरोबर असूनही गुण जातो. स्पेलिंग चुकले तरी जातो. संयोगचिन्हाने जोडलेला शब्द एकच धरतात. तिथे 60 मिनिटांत 40 प्रश्न सोडवायचे असतात आणि उत्तरे उतरवून काढायला वाचन विभागात वेगळा वेळ मिळत नाही. ओघतक्त्याची किंवा तक्त्याची उत्तरे बहुधा उताऱ्याच्या एकाच भागात सापडतात, पण ती उताऱ्याच्या क्रमानेच येतील याची हमी नसते. म्हणून आधी तक्त्यातला एखादा न बदलणारा शब्द, जसे नाव, साल किंवा यंत्र, घेऊन तो भाग गाठायचा आणि मग तो परिच्छेद सलग वाचायचा, हा मार्ग सोयीचा ठरतो.

या प्रकाराची मोठी उणीव प्रश्न काढणाऱ्याच्या हातून येते. चौकटीतले शब्द उताऱ्यातल्या शब्दांशी तंतोतंत जुळत असतील तर वाचण्याची गरजच उरत नाही. ‘वर आलेली मळी’ शोधली की पुढचा शब्द आपोआप मिळतो. वरच्या तक्त्यातली दुसरी रिकामी जागा त्या दृष्टीने कमजोर आहे आणि तिसरी बरी आहे, कारण तिथे ‘पाकाचा थेंब’ आणि ‘वेळ झाली असे तो समजतो’ हे दोन्ही जोडून घ्यावे लागतात. एका रिकाम्या जागेला दोन उत्तरे बसत असतील तर तीही प्रश्नाचीच चूक असते. ‘तापत्या रसात ______ घालणे’ इथे उताऱ्यात चुन्याच्या निवळीचाही उल्लेख असता, तर दोन्ही उत्तरांना गुण द्यावे लागले असते, कारण गुऱ्हाळात दोन्ही घालतात.

काही मजकुराला सरळ साखळी बसतच नाही. दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतील, उदाहरणार्थ एकीकडे काहील आटते आहे आणि दुसरीकडे पुढच्या खेपेचा ऊस गाळला जातो आहे, तर बाण एकीला दुसरीच्या आधी ढकलतो आणि खोटा क्रम दाखवतो. अशा उताऱ्यासाठी शेजारी शेजारी दोन ओळी असलेला तक्ता वापरतात. एका ओळीत काहील, दुसरीत चरक, आणि वर वेळेचे रकाने.