टोटल अॅसेट्स आणि नेटवर्थ (प्रायव्हेट कंपनीचा आकार)

लिस्टेड कंपनी केवढी मोठी हे शेअरच्या भावावरून काढता येतं, पण प्रायव्हेट लिमिटेडला बाजारभावच नसतो, मग ऑडिट झालेली बॅलन्स शीट उघडायची आणि दोन आकडे बघायचे. टोटल अॅसेट्स म्हणजे कंपनीकडे जे काही आहे ते सगळं, मग ते कोणाच्या का पैशाने आलेलं असेना. त्यातून बाहेरची देणी वजा केली की मालकांचं उरतं ते साधारण नेटवर्थ.

समजा भोसरीत एक पार्ट्स बनवणारी कंपनी आहे (आकडे काल्पनिक). जमीन २ कोटी, शेड आणि मशिनरी १२, स्टॉक १०, येणी १४, बँकेत २, असे टोटल अॅसेट्स ४० कोटी. दुसऱ्या बाजूला भांडवल १ आणि साठलेला नफा ११, म्हणजे नेटवर्थ १२ कोटी, मग बँकेचं कर्ज १४, डायरेक्टरांनी घातलेलं अनसिक्युअर्ड लोन ५ आणि सप्लायर वगैरेंचं देणं ९.

आता ३० मार्चला हिने बँकेच्या लिमिटमधून ५ कोटी उचलून एफडीत टाकले तर टोटल अॅसेट्स लगेच ४५ होतात, कंपनी मात्र होती तेवढीच आणि नेटवर्थही हललेलं नाही. म्हणून नुसत्या टोटलवर जाऊ नये, ३१ मार्चचा तो एका दिवसाचा फोटो असतो.

पण नेटवर्थही तसं सरळ नाही. ती २ कोटींची जमीन जुन्या खरेदीभावाने लिहिलेली आहे, आज विकली तर समजा २५ येतील. पुनर्मूल्यांकन करून पुस्तकात २५ लिहिले की टोटल अॅसेट्स ६३ होतात, पण कंपनी कायदा २०१३ च्या कलम २(५७) मधल्या व्याख्येत असा पुनर्मूल्यांकनाचा रिझर्व्ह धरतच नाहीत, त्यामुळे कायद्याच्या हिशेबाने नेटवर्थ १२ च राहतं. हे बरंच आहे, नाहीतर जमिनीचे भाव चढले की कंपन्या आपोआप ‘मोठ्या’ झाल्या असत्या. सीएसआर, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी समाजकामावर करायचा खर्च, लागू होण्याच्या निकषांपैकी एक नेटवर्थ ५०० कोटी हा आहे, तिथे हीच व्याख्या चालते.

बँकवाला आणखी खोलात जातो. येण्यांची वयवारी, म्हणजे कुठलं येणं किती जुनं ते, मागतो, त्यात ३ कोटी दोन वर्षं अडकलेले दिसले की ते सरळ कापतो आणि नेटवर्थ ९ धरतो, गुडविलसारखं हाताला न लागणारं काही असेल तर तेही जातं. उलट डायरेक्टरांनी ‘तुमचं कर्ज फिटेपर्यंत आमचे ५ कोटी काढणार नाही’ असं लिहून दिलं तर ते तो बऱ्याचदा भांडवलासारखे धरतो, म्हणजे त्याच्या कागदावर १४ कोटी, आणि तेच ५ कोटी बॅलन्स शीटमध्ये कर्जाच्याच रकान्यात बसलेले.